पैसे परत मागताना आधी कुणाकडे जायचं?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत बँक सखीने दिलेली माहिती)



मागच्या आठवड्यात एक ताई सकाळीच माझ्याकडे आल्या. रात्री ७९९ रुपये खात्यातून गेले होते. मुलाने त्यांच्या फोनवर गेममधली नाणी घेतली होती आणि कार्ड आधीपासून प्ले स्टोअरला जोडलेलं होतं. ताई म्हणाल्या, "बँकेत जाऊन सांगते, हा व्यवहार माझा नाही."

मी म्हटलं, जरा थांबा. बँकेत असं लिहून दिलं की त्याला चार्जबॅक म्हणतात. बँक ते पैसे कंपनीकडून मागे ओढते. कंपनीला मुलाची गोष्ट माहीत नसते, तिला एवढंच दिसतं की माल घेतला आणि पैसे काढून घेतले. मग ती त्या खात्यावरून पुढची खरेदी थांबवू शकते, बाकी भरा म्हणू शकते, गेमवाले गेमचं खातंही बंद करू शकतात. शिवाय कंपनीने बँकेला दाखवलं की खरेदी तुमच्याच फोनवरून झाली, तर तक्रार फेटाळली जाते. आणि मुलाने केलेलं माहीत असताना 'फसवणूक झाली' असं लिहून देणं खोटंच की!

रिफंडची विनंती म्हणजे दुकानदारालाच जाऊन सांगणं, बाबा, चुकून झालं. पैसे तोच परत देतो, वाद होत नाही. आम्ही तेच केलं. त्याच जीमेलने play.google.com उघडलं, खरेदीची यादी काढली, त्या खरेदीसमोरचं `Report a problem` दाबलं. कारणात घरच्या माणसाने न विचारता घेतलं असं खरं ते निवडलं. पावतीचा GPA ने सुरू होणारा नंबर ईमेलमध्ये असतो, तो लिहून ठेवला. उत्तर बहुधा एका दिवसात येतं, कधी चार दिवस लागतात. ताईंचे पैसे आले, नाणी गेमातून गेली, मुलगा दोन दिवस फुगून बसला.

यात वेळेला महत्त्व आहे. खरेदीपासून ४८ तासांत मागितलं तर सोपं जातं. नंतर बहुतेक वेळा अ‍ॅप बनवणाऱ्यालाच लिहावं लागतं, आणि द्यायचं की नाही ते तो ठरवतो. दोन्हीकडे एकदम तक्रार मात्र करू नका. बँकेत वाद सुरू असला की कंपनी म्हणते, आता बँकेचंच बघा.

मग बँकेत कधी जायचं? घरातल्या कुणीच खरेदी केली नसेल, कार्ड किंवा ओटीपी दुसऱ्याच्या हाती लागला असेल, तेव्हा क्षणभरही थांबू नका. लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. किंवा कंपनीने रिफंड मंजूर केला, पण सांगितलेले दिवस उलटूनही खात्यात आला नाही, तर तो मेसेज घेऊन शाखेत या.

आपल्यापैकी बऱ्याच जणींचे गटाचे फोटो, बैठकीचे कागद त्याच जीमेलवर आहेत. म्हणून आज घरी गेल्यावर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून घ्या. जमलं नाही तर फोन घेऊन माझ्याकडे या.