टोळी ओळखा, वाक्य नव्हे



माझी बरीच वर्षे ऑनलाइन विक्रीच्या जगात ग्राहकांचे अभिप्राय तपासण्यात गेली. तेव्हा आज त्याच कामाबद्दल, विशेषतः यंत्राने तयार केलेले खोटे अभिप्राय ओळखण्याबद्दल बोलतो.

एका मिक्सरखालचे दोन अभिप्राय ऐका. पहिला: “मोटर शक्तिशाली आहे, डिझाइन आकर्षक आहे आणि आधुनिक स्वयंपाकघरासाठी हा उत्तम पर्याय आहे.” दुसरा: “ओलं खोबरं छान वाटलं जातं, पण झाकण हाताने दाबून धरावं लागतं. सकाळी सहाला लावला की सासूबाई उठतात.” पहिल्यात जे आहे ते सगळं विक्रेत्याच्या जाहिरातीत आधीच लिहिलेलं असतं. दुसऱ्यात वस्तू घरात येऊन वापरली गेल्याची खूण आहे. यंत्राने तयार केलेल्या अभिप्रायाचं हे पहिलं लक्षण. तो वस्तूचे गुण सांगतो, पण तिच्यासोबत घालवलेला वेळ सांगत नाही.

हे लक्षण खरं आहे, पण त्यावर विसंबून निवाडा करता येत नाही. “मस्त आहे, घ्या” एवढंच लिहिणारा खरा ग्राहक हजारोंनी सापडतो, आणि त्यातही वापराची खूण नसते. उलट, सासूबाईंचं वाक्यसुद्धा यंत्राकडून मागवता येतं. माणसाच्या नजरेची मर्यादा तर फार आधीच दिसून आली होती. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकागोच्या हॉटेलांबद्दलचे ४०० खरे आणि पैसे देऊन लिहून घेतलेले ४०० खोटे अभिप्राय जमवले. त्यातले काही वाचून खरे-खोटे सांगायला बसलेल्या माणसांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा बरा ठरला नाही. संगणकाने मात्र शब्दांच्या वापरावरून दहापैकी सुमारे नऊ बरोबर ओळखले. पण ते खोटे अभिप्राय माणसांनी लिहिलेले होते. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारं साधन ओपनएआय कंपनीने स्वतः काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका संकेतस्थळावर १ लाख अभिप्राय आहेत आणि त्यातले ५ हजार यंत्राने तयार केलेले खोटे आहेत. आपलं साधन चांगलं आहे. ते खोट्यांपैकी ८० टक्के पकडतं आणि खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. म्हणजे खोटे सापडले ४ हजार. खरे ९५ हजार, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४ हजार ७५०. पकडलेल्यांत निम्म्याहून जास्त निर्दोष! हे निर्दोष कोण असतात, याची मला जास्त काळजी वाटते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचे निबंध अशी साधनं वारंवार यंत्राचे ठरवतात, कारण त्यांचा शब्दसाठा मर्यादित आणि वाक्यरचना सरळ असते. आपल्या साताऱ्या-लातूरचा माणूस इंग्रजीत अभिप्राय लिहितो तेव्हा तो नेमका तसाच लिहितो. अनेक जण मनातली खरी तक्रार यंत्राकडून नीट इंग्रजीत करून घेतात. तो मजकूर यंत्राचा असतो, पण अनुभव खरा असतो. त्याला खोटं म्हणणं हा अन्याय आहे.

म्हणून माझं मत असं आहे की एकेका वाक्याच्या मागे लागू नये. खोटे अभिप्राय एकटे येत नाहीत, ते मागवले जातात. मागवलेल्या मालाला मागणीची छाप असते, आणि ती घाऊक तपासणीत दिसते.

सर्वांत सोपी तपासणी साम्याची. मजकुराचे सलग तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडायचे. “मोटर खूप शक्तिशाली आहे आणि आवाज कमी आहे” या आठ शब्दांचे सहा तुकडे होतात. दुसऱ्याने “खूप”च्या जागी “अतिशय” लिहिलं, तर पहिले दोन तुकडे बदलतात आणि चार तसेच राहतात. एकूण वेगवेगळे तुकडे आठ, त्यातले समान चार, म्हणजे निम्मं साम्य. पण १ लाख अभिप्रायांत प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची, तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. यावरची युक्ती आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रासाठी काढली. प्रत्येक मजकुराचा एक छोटा संख्यात्मक ठसा तयार करायचा. पुढे अशा ठशांची गटवारी करण्याच्या पद्धती आल्या, आणि एकाच गटात पडलेल्यांचीच तुलना पुरेशी ठरू लागली.

नकलून चिकटवलेले अभिप्राय यात सापडतात. मात्र यंत्राला “हेच दोनशे वेगळ्या प्रकारे लिही” असं सांगितलं, की तुकडे जुळेनासे होतात. अर्थाच्या साम्यावर जावं, तर मिक्सरचे खरे अभिप्रायही अर्थाने एकमेकांसारखेच असतात. इथे मजकूर सोडून खात्यांकडे वळावं लागतं.

समजा, अनोळखी ब्रँडच्या त्या मिक्सरला पंधरा दिवसांत ४० खात्यांनी पाच तारे दिले. त्यातल्याच ३१ खात्यांनी त्याच महिन्यात एका अनोळखी टॉर्चला, एका गुडघ्याच्या पट्ट्याला आणि लहान मुलांच्या एका सायकललाही पाच तारे दिले आहेत. मिक्सर घेणारी ३१ घरं गुडघ्याचा तोच पट्टा योगायोगाने घेत नाहीत. प्रत्येक अभिप्राय वाचायला निर्दोष असेल, पण खाती आणि वस्तू यांना जोडणाऱ्या रेषा काढल्या की दाट जाळं उठून दिसतं.

खरेदी झाल्याची खूण इथे उपयोगी पडत नाही, हे लक्षात घ्या. वस्तू खरोखर मागवली जाते, पाच तारे दिले जातात, त्याचा फोटो विक्रेत्याच्या माणसाला पाठवला जातो आणि पैसे यूपीआयने परत येतात. खरेदी खरी आणि मत विकलेलं, असा हा प्रकार आहे. शिवाय या जाळ्यालाही मर्यादा आहेत. दिवाळीच्या सेलमध्ये खऱ्या ग्राहकांचीही झुंबड उडते, आणि एका वसतिगृहातली चाळीस मुलं एकाच वायफायवरून लिहितात. म्हणून वेळ, जागा आणि समान वस्तू या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच संशय घ्यावा, आणि शेवटचा निर्णय माणसाने करावा.

संशय आला तरी मजकूर लगेच पुसू नये. आधी तो ताऱ्यांच्या सरासरीतून बाजूला काढावा. त्या मिक्सरला ३० खऱ्या ग्राहकांची सरासरी ३.४ असेल आणि त्यात पाच ताऱ्यांचे १२० विकत घेतलेले अभिप्राय मिसळले, तर पडद्यावर ४.६८ दिसतं. एवढी एक संख्या दुरुस्त झाली, तरी विक्रेत्याचा बहुतेक खर्च वाया जातो.

आता नियमांकडे पाहू. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं, ते ऐच्छिक स्वरूपात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. यंत्राने तयार केलेले खोटे अभिप्रायही त्याच्या कक्षेत येतात. आपल्याकडे या ग्राहक परिषदेने दोन मागण्यांचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. ज्याचा अभिप्राय रोखला जाईल, त्याला कारण कळवून दाद मागण्याची संधी मिळावी. आणि प्रत्येक बाजारपेठेने आपलं तपासणी साधन मराठीत, तसंच रोमन लिपीत टंकलेल्या मराठीत लिहिलेल्या खऱ्या अभिप्रायांवर किती वेळा चुकतं, तो आकडा दरवर्षी जाहीर करावा. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात मांडला जाईल. आपण सर्वांनी त्याला पाठिंबा द्यावा.