प्लॉटचा भाव काय? : प्रोफाइल फोटो आणि बॅनरची गोष्ट

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातल्या अडखळण्या आणि एक-दोन पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

आजचा भाग घरातूनच रेकॉर्ड करतोय, सोमाटण्यातून. मागे जुन्या हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. फाटा जवळ आहे, त्याला इलाज नाही.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. बावीस वर्षं क्वालिटी विभागात नोकरी केली. आता तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना ऑडिटची तयारी करून देतो. दहा-पंधरा, फार तर चाळीस माणसांचे कारखाने. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवतात आणि ऑडिट जवळ आलं की घाबरतात. तेव्हा मला बोलावतात.

काम सुरू केलं तेव्हा लिंक्डइनवर आणि व्हॉट्सॅपवर मी माझ्या मते झकास फोटो लावला होता. डोळ्यांवर गॉगल, मागे गाडी, हात बोनेटवर. बॅनरवर घोरावडेश्वराच्या डोंगरावरून पावसाळ्यात काढलेला फोटो, सगळा हिरवागार मावळ. पहिल्या दोन महिन्यांत अनोळखी नंबरवरून पाच फोन आले. त्यातल्या तिघांनी एकच विचारलं, "साहेब, सोमाटण्यात प्लॉटचा भाव काय चाललाय?"

मी वैतागलो. बायको म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? तू दिसतोसच तसा." गॉगल, गाडी, मोकळी हिरवी जमीन आणि गावाचं नाव सोमाटणे. आपल्याकडे या चार गोष्टी एकत्र आल्या की माणूस जमीनवालाच. फोटो वाईट नव्हता, पण भलत्याच धंद्याचा होता.

मग मी दुसरा फोटो लावला. तोही मीच निवडला, आणि तोही चुकलाच. त्यातून कळलं ते आज सांगायचंय : आपला प्रोफाइल फोटो आपण स्वतः निवडू नये.

हे नुसतं माझं मत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास छापला. विद्यार्थ्यांना फेसबुकवरचे स्वतःचे बारा-बारा फोटो आणायला सांगितलं. त्यातून कामाच्या प्रोफाइलला कोणता लावाल, ते त्यांनी निवडायचं. मग त्याच बारा फोटोंतून पूर्ण अनोळखी लोकांनी निवड केली. शेवटी तिसऱ्याच लोकांना विचारलं, हा माणूस किती विश्वासू वाटतो, किती कामाचा वाटतो. तर अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंची छाप जास्त चांगली पडली. स्वतःचा चेहरा आपण रोज बघतो, म्हणून तो परका कसा बघेल हे आपल्याला कळत नाही. मला त्या फोटोत गाडीचा पहिला हप्ता फिटल्याचा दिवस दिसत होता. समोरच्याला एजंट दिसत होता.

मग मी काय केलं ते सांगतो. बारा फोटो जमवले. काही जुने, काही मुलीने नव्याने काढलेले. अगदीच बाद होते ते काढून चार ठेवले आणि त्यांवर अ, ब, क, ड लिहिलं. मग मला न ओळखणाऱ्या दहा जणांना दाखवले : मित्राच्या ऑफिसातली माणसं, फाट्यावरचा झेरॉक्सवाला, मेहुण्याच्या ओळखीचे दोन कारखानदार. नातेवाईक मुद्दाम टाळले. नातेवाईक फोटो बघत नाहीत, आपल्याला बघतात.

प्रश्नही नीट ठरवला होता. "कोणता छान आहे?" असं विचारलं तर लोक लग्नातला फोटो निवडतात. मी विचारलं, "यातल्या कोणत्या माणसाला तुमच्या कारखान्याची फाईल घरी न्यायला द्याल?" माझ्या धंद्यात शेवटी हेच होतं. तुम्ही हिशोबाचं काम करत असाल तर विचारा, "याला बँकेचं स्टेटमेंट दाखवाल का?"

मला ब आवडला होता : कोट, टाय, हाताची घडी. त्याला एक मत पडलं. ड ला सहा. ड म्हणजे मुलीने खिडकीपाशी काढलेला, साध्या निळ्या शर्टातला, बोलता बोलता थोडंसं हसू आलेला. ब का नको, असं एका कारखानदाराला विचारलं. म्हणाले, "हा चुका काढायला आलाय असं वाटतं." ऑडिटला घाबरलेल्या माणसाला अजून एक ऑडिटर नको असतो, हे बावीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता असा फोटो काढायचा कसा? सेल्फी नको. हात लांब केला तरी फोन चेहऱ्याच्या फार जवळ राहतो आणि जवळून नाक मोठं दिसतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये याचं गणित मांडलं होतं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत पुरुषाचं नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढला तर हा दोष जवळपास राहत नाही. म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला पाच-सहा फूट लांब उभं करा, मागचा कॅमेरा वापरा आणि थोडा झूम करा. फोन डोळ्यांच्या उंचीवर हवा. तुम्ही खिडकीकडे तोंड करा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. चेहरा गुळगुळीत करणारी ब्यूटी सेटिंग बंद करा. मागे साधी भिंत असू द्या. फोटो गोलात कापला जातो, म्हणून चेहऱ्याने अर्ध्याहून जास्त जागा घ्यायला हवी.

आणि तो फोटो आजचा हवा. माझा एक फोटो नऊ वर्षांपूर्वीचा होता, केस काळे. एका कारखान्यात रिसेप्शनवर बसलो होतो. मालक बाहेर आले, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब स्वतः नाही आले?" मीटिंग झाली, पण पहिली दहा मिनिटं माझी मीच ओळख पटवत होतो.

आपल्याला वाटतं, चेहरा तोच आहे, ओळखतील की. ओळखत नाहीत. ब्रिटनमध्ये 2011 साली एक प्रयोग छापून आला. लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे 40 फोटो दिले आणि एकेका माणसाची वेगळी गड्डी करायला सांगितली. फोटो होते दोनच माणसांचे. लोकांनी दोनपेक्षा कितीतरी जास्त माणसांच्या गड्ड्या केल्या! ओळखीचा चेहरा कसाही ओळखू येतो, अनोळखी चेहऱ्याचा मात्र प्रत्येक फोटो वेगळा माणूस वाटतो. म्हणून लिंक्डइन, व्हॉट्सॅप, गूगलवरचं तुमचं पान, सगळीकडे एकच फोटो लावा. एकीकडे गणपतीतला फेटा आणि दुसरीकडे कोट असेल, तर गिऱ्हाईक विचार करतं की नंबर त्याच माणसाचा आहे ना.

व्हॉट्सॅपचं एक सेटिंगही बघून घ्या. Privacy मध्ये प्रोफाइल फोटोसमोर My contacts असेल, तर नव्या गिऱ्हाइकाला तुमच्या जागी नुसती करडी आकृती दिसते, कारण त्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नसतो. तिथे Everyone करा.

आता बॅनर. फोटोने माणूस कळतो, बॅनरने धंदा कळायला हवा. लिंक्डइनवर वैयक्तिक बॅनरचं माप 1584 बाय 396 पिक्सेल, म्हणजे उंचीच्या चौपट रुंदी. डावीकडच्या खालच्या भागावर तुमचा गोल फोटो येतो, म्हणून मजकूर उजवीकडे ठेवा. लावल्यावर फोनवर उघडून बघा. कॉम्प्युटरवर ठसठशीत दिसणारी ओळ फोनवर मुंगीएवढी होते.

बॅनरमध्ये माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली, एका गिऱ्हाइकाच्या शॉप फ्लोअरवरचा फोटो लावला. मी मशीनपाशी उभा, खरा आणि कामाचा फोटो. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. माझ्या मागच्या फळ्यावर पार्ट नंबर आणि दिवसाचं उत्पादन लिहिलेलं होतं, मोठं केलं की वाचता येत होतं. मी लगेच काढला, ते रागावलेही नाहीत. पण ज्याला फाईल घरी न्यायला द्यायची, त्यानेच फळा जगाला दाखवला! सगळा प्रश्न विश्वासाचा होता आणि मी तिथेच घसरलो. तेव्हापासून दुसऱ्याच्या कारखान्यातला फोटो लेखी परवानगीशिवाय लावत नाही, आणि लावण्याआधी फळा, स्क्रीन, ड्रॉइंग, खोक्यावरची लेबलं मोठी करून बघतो. गिऱ्हाइकांचे लोगोही न विचारता ओळीने लावू नयेत.

दुसरी चूक, कोपऱ्यात आयएसओचा लोगो. या धंद्यात सर्रास दिसतो, म्हणून मीही लावला. तो त्या संस्थेचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे आणि आपल्यासारख्यांना तो वापरायची परवानगी नाही. शिवाय आयएसओ मानकं तयार करते, प्रमाणपत्रं देत नाही. ती वेगळ्या प्रमाणन संस्था देतात. जाणकार माणूस तो लोगो बघतो आणि समजतो की याला मुळातलंच माहीत नाही.

आता माझ्या बॅनरवर माझंच टेबल आहे. एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर, एक कोरी फाईल आणि माझा हात. उजवीकडे एकच ओळ : "छोट्या कारखान्यांसाठी ऑडिटची पूर्वतयारी. तळेगाव, चाकण." हस्तांदोलनाचे विकत मिळणारे फोटो नाहीत, उंच काचेच्या इमारती नाहीत. मी घरातल्या खोलीतून काम करतो. काचेची इमारत दाखवली आणि गिऱ्हाईक सोमाटण्यात घरी आलं, तर काय सांगणार?

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. चेहऱ्यावरून लोक क्षणात मत बनवतात, पण ते मत खरं निघेलच असं नाही. चांगल्या फोटोमुळे एवढंच होतं की समोरचा फोन लावताना बिचकत नाही. पुढचं काम फाईलच करते.

तर या आठवड्यात एवढं करा : चार फोटो, दहा अनोळखी माणसं, एक नेमका प्रश्न. तुमचा लाडका फोटो हरला तर मला कळवा, दोघं मिळून हसू. माझा गॉगलवाला फोटो आता घरात फ्रिजवर लावलाय. परवा शेजारी आले होते, बघून म्हणाले, "अरे वा, जागेचं काम पण करता का?"

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.