‘कबूल है’ कधी विचारायचं?

बहिणींनो, भावांनो, लग्न घरच्यांनी ठरवलेलं असो की प्रेमाचं, निकाहला प्रश्न एकच असतो: कबूल है?

आपल्या बीडकडे वकील आणि दोन साक्षीदार मुलीच्या खोलीत जाऊन तो विचारतात. पण तोवर बाहेर वऱ्हाड बसलेलं असतं, बिर्याणीचे देग उतरलेले असतात. तिथं ‘नाही’ म्हणणार कशी? ती गप्प राहते आणि आपण होकार धरतो. लाजेनं गप्प राहणं वेगळं, भीतीनं वेगळं. खन्सा बिन्त खिदाम यांचा निकाह वडिलांनी मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा पैगंबरांनी (स.) तो रद्द केला, हे सहीह बुखारीत आहे. म्हणून हा प्रश्न मंगनीआधी, एकांतात विचारा. विचारणारी खाला असावी. नकार अब्बांपर्यंत तीच नेईल.

प्रेमाच्या लग्नात संमती पक्की असते, चौकशी राहून जाते. कर्ज, आजार, आधीचं लग्न हे घरचे चार ठिकाणी विचारतात. पुढं भांडण झालं तर मध्ये पडायलाही तेच लागतात. कुरआन (4:35) दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगतं.

ठरवलेल्या लग्नात विश्वास आधी घराघरांत असतो, नवरा-बायकोत सावकाश येतो. प्रेमाच्या लग्नात उलटं होतं. दोन्हीकडं निकाहनाम्यात स्पष्ट लिहून घ्या: मेहर किती, लगेच की नंतर, मुलीचं शिक्षण चालू राहणार का. यावर बोलायला जो टाळतो, तो निकाहआधीच ओळखू येतो.