मोती हरवला आहे



दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात. समजा, पुण्यातल्या एका घरातला मोती असाच पळाला. घरच्यांनी लगेच पत्रक काढलं. वर लिहिलं, ‘आमचा लाडका मोती हरवला’. खाली लांबलचक विनवणी, आणि सोफ्यावर झोपलेल्या मोतीचा फोटो.

फोन एकही आला नाही.

कसा येणार? स्कूटरवरून जाणाऱ्याला पत्रक दोन-तीन सेकंदच दिसतं. शिवाय झोपलेल्या कुत्र्याची उंची कळत नाही, शेपटीही दिसत नाही.

मग नवं पत्रक लागलं.

वर ठळक अक्षरांत, ‘कुत्रा हरवला आहे’. मधे उभ्या मोतीचा, बाजूने काढलेला मोठा फोटो. खाली मोजके शब्द: तांबूस रंग, गुडघ्याएवढी उंची, शेपटीचं टोक पांढरं, गळ्यात लाल पट्टा. कुठे, कधी दिसला. आणि मोठ्या आकड्यांत फोन नंबर.

पट्टा निसटू शकतो. म्हणून अंगावरची खूण हवीच.

आणखी एक ओळ फार कामाची: ‘पाठलाग करू नका, फोन करा’. घाबरलेला कुत्रा मागे धावणाऱ्यापासून आणखी लांब पळतो.

पण श्रोतेहो, एक खूण मुद्दाम लिहायची नाही. मोतीच्या पोटावर काळा ठिपका आहे. तो फक्त घरच्यांना माहीत. बक्षिसासाठी खोटे फोन येतात. ‘कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा,’ असं कुणी म्हणालं, की विचारायचं, पोटावर काय आहे?

पुन्हा सांगतो. ठळक खूण पत्रकावर, एक खूण मनात.

आणि कुत्रा सापडला, की पत्रकं आठवणीने काढून टाका.