बाळाच्या छातीला बाम नको

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला ‘लहान मुलांचे आरोग्य’ असा विषय दिला होता. त्यावर बोलायचं तर रात्र पुरणार नाही. म्हणून मी एकच गोष्ट निवडली आहे, जी आज इथल्या प्रत्येक घरात, बहुतेक उशीजवळच्या खणात सापडेल. सर्दीला चोळायचा बाम.

हा विषय मला आपल्याच सोसायटीतल्या एका आजींनी सुचवला. त्या आज समोर बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सांगते, नाव मात्र सांगणार नाही.

गेल्या हिवाळ्यात रात्री अकराच्या सुमारास माझी बेल वाजली. दारात बाळाचे बाबा, पायात चप्पलसुद्धा नाही. मी तशीच वर गेले. पाच महिन्यांचं बाळ, दोन दिवसांची साधी सर्दी. नाक कोंडून ते दूध सोडत होतं, म्हणून आजींनी मायेने छातीला, पाठीला आणि थोडासा नाकाखाली बाम लावला होता. वर कपडे, टोपरं आणि दुपटं. पंधरा-वीस मिनिटांत बाळ घुसमटल्यासारखं करायला लागलं. मी पोचले तेव्हा ते मिनिटाला साठाच्या वर श्वास घेत होतं, फासळ्यांखाली छाती आत ओढली जात होती आणि नाकातून चिकट शेंबूड वाहत होता.

मी ओल्या मऊ कापडाने नाकाखालचा बाम पुसला, कपडे काढले, कोमट पाणी आणि साबणाने छाती-पाठ धुतली, कोरडं दुपटं गुंडाळून बाळाला उभं धरलं. तोवर गाडी आली. रुग्णालयात थोडा वेळ प्राणवायू द्यावा लागला, रात्रभर लक्ष ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ घरी आलं. सर्दी होतीच, त्यामुळे सगळा दोष बामाचाच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण क्रम असा होता, आणि असं का होतं हे समजण्यासारखं आहे.

बाम लावला की नाक मोकळं झालं असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे नाक मोकळं होत नाही. बामातलं मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचं फूल, नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. गार वाटतं, म्हणून हवा जास्त जातेय असा मेंदूचा समज होतो. आतली सूज मात्र तशीच असते. मोठ्या माणसाला हा समज सुखाचा वाटतो, झोप लागते. त्यात वाईट काही नाही.

बाळाचं तसं नाही. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्याची श्वासनलिका इतकी अरुंद असते की थोडी सूज, थोडा चिकटा वाढला तरी वाट निम्मी होते. उग्र वास नाकाच्या आतल्या अस्तराला चुरचुरला की शरीर बचावासाठी आणखी शेंबूड तयार करतं. तान्ह्या बाळात तर अशा चुरचुरीने श्वास क्षणभर थांबू शकतो किंवा घसा आवळला जाऊ शकतो. अमेरिकेत दीड वर्षाच्या एका मुलीला नाकाखाली असा बाम लावल्यावर श्वासाचा गंभीर त्रास झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर प्रयोग केले. २००९ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की बामामुळे श्वासनलिकेत चिकटा वाढतो आणि तो बाहेर ढकलण्याचा वेग मंदावतो. प्रयोग प्राण्यावरचा आहे, हे खरं. पण मला त्या रात्री समोर जे दिसलं त्याच्याशी तो जुळतो.

आता दुसरा घटक, कापूर. हा जास्त धोकादायक. कापूर कातडीतून, श्वासातून आणि पोटातून, तिन्ही वाटांनी अंगात शिरतो आणि थेट मेंदूपर्यंत पोचतो. बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त, आणि कापूर निकामी करणारं यकृत अजून कच्चं. म्हणून आपल्याला चालणारी मात्रा त्याला जड जाते. त्यावर कपडे आणि दुपटं घट्ट गुंडाळलं की आणखी जास्त शोषलं जातं.

पोटात गेला तर काय होतं, त्याचा साधा हिशेब करू. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मिलिग्रॅम कापूर पोटात गेला तर त्रास सुरू होऊ शकतो, आणि ५० मिलिग्रॅमला झटके येण्याचा खरा धोका असतो. दहा किलोच्या मुलाचे हे झाले ३०० आणि ५०० मिलिग्रॅम. बामात साधारण पाच टक्के कापूर धरा. म्हणजे दोन चमचे बामात ५०० मिलिग्रॅम. डबी उघडी राहिली तर रांगणारं मूल एवढा बाम खेळता खेळता खाऊ शकतं. आता देवघराकडे बघा. पूजेच्या कापराची एक वडी अर्ध्या ग्रॅमची धरली, तर ती एकटीच ५०० मिलिग्रॅम. पांढरी, साखरेच्या वडीसारखी, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हाताला येईल अशा जागी. झटके यायला अनेकदा तासाभराचीही वाट पाहावी लागत नाही.

म्हणून ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला बांधू नका. ती तोंडातही जाते.

मग सर्दीला करायचं काय? दूध पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईनच्या नाकाच्या थेंबांपैकी, दोन-दोन थेंब. मिनिटभर थांबा, मग शेंबूड पुसा. दूध थोडं-थोडं, पण वारंवार. गरम पाण्याच्या भांड्यात बाम टाकून वाफ अजिबात नको. त्यात वासाचा धोका असतोच, वर भाजण्याचाही.

दोन वर्षांखाली बाम नाही, हे लक्षात ठेवा. दोन वर्षांपुढेही फक्त छातीला किंवा गळ्याला, थोडाच. नाकाखाली, डोळ्यांजवळ, खरचटलेल्या कातडीवर कधीच नाही.

आणि रात्री वेळ आली तर? बाम लगेच पुसा, कोमट पाण्याने धुवा, कपडे बदला. पोटात गेल्याची शंका असेल तर उलटी करवू नका, कारण झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाते. डबी किंवा कापराचं पाकीट बरोबर घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८. श्वास मोजताना पूर्ण मिनिट मोजा: दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, दूध न घेणं, यातलं एकही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका.

शेवटी त्या आजींविषयी. रुग्णालयातून परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, “डॉक्टर, माझ्याच हातानं झालं हो. माझी चारही मुलं मी बाम चोळूनच वाढवली.” मी म्हटलं, “आजी, तेव्हा कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग आता तुम्ही सांगा.”

म्हणून सांगितलं. आज घरी गेल्यावर डबीचं झाकण घट्ट लावा आणि कापराचा डबा एक फळी वर ठेवा.