रात्रीची झोप आणि गुडघ्याचं दुखणं
(दिंडीच्या मुक्कामी फिजिओथेरपिस्टांनी केलेलं भाषण)



घनसावंगी तालुक्यातल्या एक माय माझ्याकडं आल्या. कापूस वेचून कंबर धरलेली, गुडघे जुनेच दुखणारे. म्हणाल्या, "दुखतं म्हणून झोप लागंना." मी विचारलं, झोपता कधी? आठला. उठता? पाचला. अंथरुणात नऊ तास, त्यात झोप जेमतेम पाच. रात्री एकला जाग आली की कूस बदलायची आणि दुखणं चाचपायचं. मग दुपारी दोन तास झोप, दिवेलागणीला चहा, निजताना मिश्री.

दुखण्यानं झोप मोडते हे खरंच आहे. पण मोडलेली झोपही दुखणं वाढवते. गुडघ्यातून निघालेल्या कळेला मेंदू आणि मज्जारज्जू थोडा लगाम घालत असतात. झोप अपुरी झाली की तो लगाम सैल पडतो. गुडघ्याची झीज कालच्याइतकीच असते, कळ मात्र जास्त लागते. मग माणूस दिवसभर बसून राहतो, सांधे आखडतात आणि रात्री पुन्हा तेच.

मायना मी आधी उठायची वेळ बांधून दिली: रात्र कशीही जावो, पाचला उठायचं. निजायचं साडेदहाला, त्याआधी नाही. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. शेवटचा चहा दोनला, कारण त्याचा अंमल कितीतरी तास राहतो. मिश्री रात्री बंद, तंबाखूनं झोप उडते. दहाला कमरेला पंधरा मिनिटं कोमट शेक, चटका बसेल इतका गरम नाही. मग कुशीवर निजून दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेलं लुगडं. वरचा पाय खाली लोंबला नाही की कंबर पिळत नाही.

जाग आली आणि पुन्हा डोळा लागेना, तर अंथरुण सोडायचं. त्या मंद उजेडात वाती वळत बसायच्या. पेंग आली की परत निजायचं. घड्याळ बघायचं नाही, मोबाइलवर भजनसुद्धा नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. दिवसा पेंगायच्या, माझ्यावर चिडल्या. (ज्यांना फिट येते किंवा गाडी चालवायची असते, त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.) तिसऱ्या आठवड्यात सलग झोप लागू लागली, तेव्हा निजायची वेळ पाव तास अलीकडं आणली. दुखणं गेलं नाही. पायऱ्या उतरताना गुडघा अजून बोलतो. पण सकाळी कंबर लवकर सुटते आणि त्या शेतापर्यंत चालत जातात.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला, पायातली ताकद गेली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, किंवा ताप, वजन घटणं यासोबत रात्री कळ येत असेल, तर वाती वळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

वारीत कीर्तन उशिरा संपतं आणि पहाटे उठावंच लागतं, तिथं हे वेळापत्रक चालणार नाही. म्हणून सुरुवात चैत्रातच करा. वाटेत दुपारच्या विसाव्याला अर्धा तास डोळा लावा, आणि पथारीत लुगड्याची घडी ठेवा.