परीक्षागृहातील विस्मृती



दहावीच्या वर्गाला गणित शिकविण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले, आणि त्या काळात पालकांकडून जी तक्रार मी सर्वांत अधिक वेळा ऐकली ती अशी : "घरी सगळं येतं हो त्याला, पण पेपर हातात पडला की काही आठवत नाही." आरंभीची कित्येक वर्षे मी ती मायेपोटी सांगितलेली सबब समजत असे. पुढे एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेने मला ते मत बदलावयास लावले.

सहामाही परीक्षेत एक वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवावयाचे होते : क्षचा वर्ग, उणे सात क्ष, अधिक बारा, बरोबर शून्य. मुलीने उणे सात क्षची फोड उणे तीन क्ष आणि उणे चार क्ष अशी अचूक केली, क्ष उणे तीन व क्ष उणे चार हे अवयवही बिनचूक लिहिले, आणि एवढे सगळे साधल्यावर किमती मात्र उणे तीन व उणे चार अशा मांडून ती पुढच्या प्रश्नाकडे वळली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत, रिकाम्या वर्गात, मुदतीचे कोणतेही बंधन न घालता मी तेच समीकरण तिच्यापुढे ठेवले, तेव्हा तीन व चार ही उत्तरे तिने सहज काढली आणि मूळ समीकरणात घालून त्यांचा पडताळाही दाखविला. मग काल काय झाले, असे विचारता ती म्हणाली, "सर, शेजारच्या मुलीने पुरवणी मागितली. माझं तर पहिलंच पान चालू होतं. आता बाबांना काय सांगायचं, तेच डोक्यात फिरत राहिलं."

या तिच्या उत्तरात परीक्षाभयाचे सारे मर्म आले आहे. लीबर्ट आणि मॉरिस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली या भयाचे दोन घटक वेगळे करून दाखविले : एक देहाची खळबळ, म्हणजे छातीतील धडधड, तळहातांचा घाम, पोटातील गोळा, आणि दुसरी चिंता, म्हणजे अपयशाविषयी मनात अखंड चाललेले बोलणे. आपण पाहणारे लोक पहिल्या घटकाकडे पाहून घाबरतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु गुणांची हानी मुख्यत्वे दुसऱ्याने होते, असे त्यांना व त्यांच्यामागून आलेल्या संशोधकांना आढळले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. हाती घेतलेले काम पुरे होईपर्यंत लागणाऱ्या गोष्टी मन ज्या पाटीवर मांडून ठेवते ती पाटी फार लहान असते. अवयव शून्याबरोबर मांडून चिन्ह बदलावयाचे, ही गोष्ट त्या मुलीला क्षणभर त्या पाटीवर धरून ठेवावयाची होती, आणि नेमक्या त्याच क्षणी बाबांना द्यावयाच्या जबाबाने ती जागा व्यापली. तेव्हा शिक्षकाने अशा उत्तरपत्रिकेवर 'निष्काळजीपणा' असा शेरा मारण्यापूर्वी चूक कोठे झाली आहे ते पाहावे : रीत ठाऊक असूनही जेथे एखादी गोष्ट मनात धरून पुढे जावयाचे असते अशाच ठिकाणी हात पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर ते बहुधा चिंतेचे लक्षण होय.

परंतु विस्मृतीची दुसरीही एक जात आहे. तीच तक्रार घेऊन आलेल्या एका मुलाला मी असाच कोरा कागद दिला, तेव्हा त्याला रिकाम्या वर्गातही चौथी ओळ लिहिता येईना. त्याने अभ्यास केला नव्हता असे नव्हे. सोडविलेली उदाहरणे त्याने चारचार वेळा वाचली होती, आणि वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटल्यामुळे 'येते' अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 सालचा प्रयोग या ठिकाणी सांगण्याजोगा आहे. एका गटाने एक उतारा चार पाळ्यांत वाचला, दुसऱ्याने एका पाळीत वाचून पुढच्या तीन पाळ्यांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आणि लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के मजकूर आठवला. विशेष हे की, आपल्याला चांगले आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. हा खोटा भरवसा परीक्षागृहात पहिल्या प्रश्नालाच कोसळतो, आणि त्यातून जी भीती उपजते तिला नुसत्या धीराच्या शब्दांनी उतार पडत नाही.

म्हणून वर्गात मी जो शिरस्ता घातला तो सांगतो. तासाची पहिली पाच मिनिटे वह्या बंद ठेवून तीन लहान प्रश्न द्यावयाचे : एक कालच्या पाठावर, एक मागच्या आठवड्यावरचा, एक महिन्यापूर्वीचा. उत्तरे चिठ्ठीवर लिहावयाची, फळ्यावरील उत्तराशी ज्याची त्याने ताडून पाहावयाची, आणि चिठ्ठी आपल्याच दप्तरात ठेवावयाची. गुणांची नोंद नाही, मोठ्याने वाचन नाही. या शेवटच्या अटीवरच सगळे अवलंबून आहे, हे मला स्वतः चूक करून कळले; एका वर्षी मी सोयीसाठी त्या चिठ्ठ्यांचे गुण हजेरीपटाशेजारी टिपू लागलो, आणि दोन आठवड्यांच्या आत मुले शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावू लागली व पहिल्या तासाला उशिरा येऊ लागली. उपाय होता त्याचीच आणखी एक परीक्षा झाली होती. अमेरिकेतील 1,408 शालेय विद्यार्थ्यांना अशा आठवण्याच्या सरावाविषयी विचारले असता, त्याने परीक्षेची धास्ती कमी झाली असे 72 टक्क्यांनी सांगितल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले आहे.

त्या पहिल्या मुलीला मात्र एवढ्याने पुरे झाले नाही, कारण तिला विषय येतच होता. तिला भिववीत होती ती मुदत. बीजगणिताच्या पेपरला 40 गुणांसाठी दोन तास असतात, म्हणजे 20 गुणांना एक तास. मी तिला 20 गुणांचा कागद प्रथम ऐंशी मिनिटांत, नंतर सत्तर आणि सरतेशेवटी साठ मिनिटांत सोडवावयास दिला, आणि तोही परक्या वर्गखोलीत, बाकावर बैठक क्रमांक लिहून, मध्येच कोणी पुरवणी मागेल अशी तजवीज ठेवून. आठ दिवसांच्या अंतराने झालेल्या या तालमींत पुरवणीचा तो आवाज तिच्यासाठी हळूहळू नुसता आवाज उरला.

पूर्वपरीक्षेच्या सकाळी मी आणखी एक गोष्ट केली. रामिरेझ आणि बायलॉक यांनी 2011 साली असे दाखविले की, पेपरापूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातील भीती मोकळेपणी लिहून काढल्यास घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. जे मुळात घाबरत नाहीत त्यांना त्याचा विशेष लाभ होत नाही. म्हणून ते साऱ्या वर्गावर लादण्याचे कारण नाही. मुलीने लिहिलेला कागद मी वाचला नाही. कोणी वाचणार आहे असे कळले, की मूल भीती लिहीत नाही, निबंध लिहिते. 'दहावी गेली की आयुष्य गेले' असली वाक्येही मी जानेवारीनंतर वर्गात उच्चारणे सोडले, कारण पेपरच्या वेळी त्या लहानशा पाटीवर तीच उमटतात.

या उपायांची हद्दही मला ठाऊक आहे. चिठ्ठ्या बरोबर येतात, साठ मिनिटांची तालीमही पार पडते, आणि तरीही ज्या मुलाची झोप व अन्न आठवडेच्या आठवडे उडालेले असते, परीक्षेच्या दिवशी ज्याला उलटी होते, अथवा ज्याच्या तोंडी आपण नसतो तर बरे झाले असते अशी भाषा येते, त्याला वर्गातल्या युक्त्यांवर ठेवू नये. त्याच दिवशी, शाळा सुटण्यापूर्वी, त्याच्या आईवडिलांना बोलावून समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि निकाल लागेपर्यंत थांबू नये.